रवा डोसा: पातळ पीठ आणि कडक तापलेला तवा

साधा डोसा घालताना आपण तापलेल्या तव्यावर पाण्याचा हबका मारतो, फडक्याने पुसून घेतो आणि मग पळी मधोमध टेकवून पीठ गोल फिरवत नेतो. तवा तेवढा निवला नाही, तर पीठ पळीलाच चिकटून त्याचा गोळा होतो. आंबवलेल्या पिठाच्या डोशाची ही सवय हातात इतकी मुरलेली असते, की रवा डोसा करायला उभं राहिलं तरी हात आपोआप पाण्याच्या वाटीकडे जातो. बिघडायला सुरुवात तिथेच होते.

माझीही तिथेच झाली. रवा डोसा आंबवायला लागत नाही, अर्ध्या तासात होतो, म्हणून पहिल्यांदा केला तेव्हा पीठ साध्या डोशासारखंच सरसरीत ठेवलं, तवा पाण्याने थंड केला आणि पळीने पसरायला गेले. मधे जाड, कडेला फाटका असा पांढरट थर तव्याला धरून बसला आणि उलथन्याने खरवडूनच निघाला. सासूबाई शेजारी नारळ खवत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, घावन घालताना तू तव्यावर पाणी मारतेस का? मग इथे कशाला मारलंस? पीठ पातळ कर आणि तवा तापू दे."

त्या रत्नागिरीकडच्या, आणि घावन हा रवा डोशाचा सख्खा नातलगच आहे. दोन्हीत पीठ पाण्यासारखं पातळ असतं, दोन्हीत ते पसरायचं नसतं, ओतायचं असतं, आणि दोन्हीची जाळी तव्याच्या तापावर पडते. ज्यांच्या घरी घावन होतात, त्यांना खालचं बरंच ओळखीचं वाटेल. बाकीच्यांनी एवढंच धरून चालावं, की रवा डोसा ही साध्या डोशाची झटपट आवृत्ती नाही. त्याचे नियम जवळजवळ उलटे आहेत.

जाळी पडते ती का

हे एकदा नीट कळलं की पुढचं सगळं माप आणि सगळी आच डोक्यात बसते, म्हणून आधी हेच सांगते.

रवा डोशाच्या पिठात कोरड्या पिठांच्या दुपटीहून जास्त पाणी असतं. हे पीठ खूप तापलेल्या तव्यावर पडलं, की तव्याला लागलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते. ती वाफ वर यायला वाट शोधते आणि पिठाच्या पातळ थरातून फुटून बाहेर पडते. फुटलेल्या जागी भोक राहतं. तोवर भोवतालचं तांदळाचं पीठ आणि मैदा शिजून घट्ट झालेले असतात, त्यामुळे भोक परत बुजत नाही. हीच जाळी.

आता यातली एकेक गोष्ट बिघडवून पाहा. तवा कमी तापलेला असेल, तर पाण्याची वाफ व्हायला वेळ लागतो, तोवर पीठ शांतपणे पसरून एकसंध थर धरतं. वाफ झाली तरी तिला तो थर फोडता येत नाही. पीठ घट्ट असेल, तर तवा कितीही तापलेला असला तरी थर जाड पडतो आणि वाफ त्याच्याखालीच अडकते. त्याला आंबोळीसारखी बारीक छिद्रं पडतील, पण आरपार जाळी पडणार नाही. म्हणजे पातळ पीठ आणि कडक तवा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात. एक जमलं आणि दुसरं नाही, तर एकाचाही उपयोग होत नाही.

पीठ

चार माणसांसाठी दहा-अकरा डोसे होतील असं माप सांगते. वाटी 200 मिलीची धरली आहे. एक वाटी बारीक रवा, एक वाटी तांदळाचं पीठ, पाव वाटी मैदा, अर्धी वाटी आंबटसर दही आणि सुरुवातीला चार वाट्या पाणी. आणखी अर्धी ते एक वाटी पाणी नंतर लागणार आहे, ते बाजूला ठेवायचं. मीठ सपाट सव्वा चमचा, साखर अर्धा चमचा. साखरेने गोडी येत नाही, रंग मात्र चांगला येतो.

रवा बारीकच हवा, आणि न भाजलेला. उपम्याचा जाड रवा पिठात तळाशी दगडासारखा बसतो आणि डोशात कचकच लागतो. चिरोटी रवा इतका मऊ असतो, की तो मैद्यासारखाच वागतो आणि डोशाला रव्याचा दाणा लागत नाही. इडली रवा हा तर गव्हाचा रवाच नव्हे, तो तांदळाचा असतो. पुडा उचलताना घाईत हमखास घोळ होतो, तेव्हा नाव वाचून घ्या.

तांदळाच्या पिठाने डोसा कुरकुरीत होतो. नुसता रवा घेतला तर डोसा तव्यावरून उतरताच मऊ पडतो. पण तांदळाच्या पिठाला चिकटा नसतो, त्यामुळे जाळीच्या भोवतीचे धागे नुसत्या तांदळाच्या पिठाने टिकत नाहीत, उचलताना तुटतात. तिथे पाव वाटी मैदा कामाला येतो. मैदा घरात आणत नसाल तर तेवढीच कणीक घाला. डोसा होतो, रंग थोडा गडद येतो आणि कडा किंचित चिवट लागतात, एवढाच फरक. मैदा वाढवायचा मोह मात्र टाळावा. अर्ध्या वाटीच्या पुढे गेलात की डोसा थंड होताच कातड्यासारखा लागतो.

रवा, पिठं, मीठ, साखर कोरडंच एकत्र करा. दही त्यातल्याच एका वाटी पाण्यात घुसळून त्याचं ताक करून घाला, म्हणजे दह्याच्या गुठळ्या राहत नाहीत. उरलेलं पाणी थोडं थोडं घालत रवीने किंवा हाताने फेटा. आत्ता हे पीठ फारच पातळ दिसेल. घाबरून पीठ वाढवू नका. झाकून वीस ते तीस मिनिटं ठेवा. या वेळात रवा पाणी पितो आणि फुगतो. वेळ नाही म्हणून लगेच डोसे घातले, तर रवा तव्यावर कोरडाच भाजला जातो आणि दाताखाली वाळूसारखा येतो. झटपट डोशात थांबायचं असं एवढंच आहे, ते टाळू नका.

अर्ध्या तासाने झाकण काढलं, की वर निवळ पाणी आणि तळाशी रवा-पिठाचा थर दिसेल. तसंच व्हायला हवं. तळापासून ढवळा आणि मग पातळपणा तपासा. पळी बुडवून उचला आणि तिची पाठ बघा. पांढरा थर इतका विरळ हवा, की खालचं स्टील दिसावं, आणि थरावर बोटाने ओढलेली रेघ लगेच बुजायला हवी. रेघ तशीच राहिली तर पीठ घट्ट आहे, राखून ठेवलेल्यातलं पाणी पाव-पाव वाटी करून घाला. जेवताना आपण जे ताक पितो, तेवढं पातळ. कढीला घेतो ते ताक नव्हे.

जिरं एक चमचा, भरड कुटलेली मिरी अर्धा चमचा, बारीक चिरलेली मिरची, आलं, कढीपत्त्याच्या कातरलेल्या पट्ट्या आणि कोथिंबीर आता घाला. सगळं बारीक हवं. मिरचीचा मोठा तुकडा किंवा अख्खं कढीपत्त्याचं पान वाटीच्या कडेशी अडकलं, की पिठाची धार तुटते आणि एका जागी पचकन लोट पडतो. कांदा मात्र पिठात घालू नका. त्याला मिठामुळे पाणी सुटतं, आणि शेवटचे डोसे घालेपर्यंत पीठ पचपचीत होतं. कांदा अगदी बारीक चिरून ताटलीत वेगळा ठेवा. तो थेट तव्यावर जाणार आहे.

तवा

माझ्या मते या डोशाला बिडाचा तवा सगळ्यात चांगला. बीड जाड असतं, तापायला वेळ घेतं, पण एकदा तापलं की गार पीठ ओतल्यावरही पटकन निवत नाही. लोखंडी तवाही चालतो, मात्र तो पत्र्यासारखा पातळ नको. पातळ तव्यावर पहिल्या क्षणी छान चुर्र आवाज येतो, पण वाटीभर पिठाने तो लगेच थंड पडतो आणि डोसा मधे चिकटतो.

बिडाचा तवा मोठ्या आचेवर घाईने तापवू नका. बिडातून उष्णता हळू पसरते, त्यामुळे ज्वाळेच्या वर्तुळापुरता तवा भडकतो आणि कडा कोमटच राहतात. मध्यम आचेवर सहा-सात मिनिटं ठेवा, तेवढ्यात कांदा चिरून होतो. मग तापाची परीक्षा घ्या.

ओल्या बोटांनी तव्यावर पाण्याचे दोन-तीन थेंब उडवा आणि नीट बघा. थेंब जागच्या जागी बसून बुडबुडे आणत हळूहळू आटले, तर तवा अजून बराच कमी तापलेला आहे. चुर्र आवाज करून एक-दोन सेकंदांत नाहीसे झाले, तर हा ताप उत्तप्याचा. थेंब न पसरता मोत्यासारखे गोल होऊन तव्यावर सैरावैरा पळू लागले, तर तवा रवा डोशाला तयार आहे. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि थेंब तिच्यावर तरंगत पळतो. तवा साधारण 200 अंश सेल्सिअसच्या आसपास गेला की हे दिसतं. घरात तापमापक कशाला हवा, हे थेंबच तो आहे.

थेंब टाकायच्या आतच तव्यातून निळसर धूर निघत असेल, तर तवा जास्त तापलाय. अशा तव्यावर पीठ पडताच चारी बाजूंना उडतं, जाळीऐवजी भगदाडं पडतात आणि धागे करपतात. आच बंद करून अर्धा मिनिट थांबा. गरम बिडावर एकदम गार पाणी ओतू नका, बीड तडकतं.

तेल लावायला अर्धा कांदा काट्यात खुपसून, तेलात बुडवून तव्यावर फिरवायची जुनी पद्धतच उत्तम. कोकणात घावनासाठी नारळाची शेंडी वापरतात, तीही छान. हेतू हा, की तेलाचा नुसता हात लागावा, थारोळं साचू नये. तेल साचलं तर पीठ तव्याला न धरता तेलावर घसरतं आणि एका बाजूला गोळा होतं.

नॉनस्टिक तवा असेल तर दोन गोष्टी वेगळ्या. थेंबांची परीक्षा तिथे फसवते, कारण त्या लेपावर पाणी मुळातच गोल राहतं, तवा पुरेसा तापलेला नसला तरीही. तिथे थेंब किती जोरात उकळतोय आणि किती लवकर संपतोय ते बघा, आणि चमचाभर पीठ टाकून लगेच भोकं पडतात का ते पाहा. दुसरं, रिकामा नॉनस्टिक मोठ्या आचेवर विसरून ठेवू नका. साधारण 260 अंशांच्या पुढे त्याचा लेप खराब व्हायला लागतो आणि त्याचा धूर चांगला नसतो. दोन-तीन मिनिटं मध्यम आच पुरते. इंडक्शनवर शेगडीची तबकडी तव्याहून लहान असेल, तर तव्याच्या कडा तापतच नाहीत. तिथे डोसा तबकडीच्या आकाराएवढाच लहान घाला. मोठ्या डोशाचा हट्ट धरला तर कडा पांढऱ्या राहणारच.

ओतणं

ही पाच सेकंदांची क्रिया आहे, पण डोसा यातच घडतो.

पीठ तळापासून ढवळा. हे प्रत्येक डोशाआधी करायचं, न चुकता. रवा अर्ध्या मिनिटात खाली बसतो. वरचंवरचं पीठ घेत गेलात, तर पहिले डोसे निव्वळ पाण्याचे आणि फाटके होतात आणि शेवटच्या दोघांच्या ताटात जाड, रवाळ धिरडी येतात. वाटीनेच खालून वर ढवळा आणि त्याच हाताने वाटी भरून घ्या.

आच मोठी करा. कांद्याचा डोसा हवा असेल तर चिमूट-दोन चिमूट कांदा तव्यावर विरळ भुरभुरवा आणि लगेच पुढचं करा, नाहीतर कांदा करपतो. वाटी तव्यापासून वीतभर वर धरा. आधी तव्याच्या कडेने गोल धार सोडत जा, मग त्याच्या आत दुसरा गोल, आणि शेवटी मधे. उंचीवरून पडल्याने धार तव्यावर आपटून फुटते आणि पीठ आपलं आपणच पातळ पसरतं. वाटी तव्याला टेकवून ओतलंत, तर एकाच जागी डबकं होतं. 28 सेंटीमीटरच्या तव्याला अर्ध्या वाटीपेक्षा किंचित जास्त, म्हणजे 110 मिलीच्या आसपास पीठ पुरतं.

पीठ पडताक्षणी चर्र असा मोठा, सलग आवाज यायला हवा आणि डोळ्यांदेखत भोकं उघडायला हवीत. आवाज आला नाही, तर तो डोसा गेलाच असं समजा आणि पुढच्यासाठी तवा जास्त तापवा.

मधे मोठी रिकामी जागा राहिली असेल तर तिथे थोडं पीठ थेंबाथेंबाने सोडा. जिथे आधीच पीठ आहे तिथे दुसऱ्यांदा ओतू नका. तिथे थर दुहेरी होतो आणि बाकी डोसा कुरकुरीत झाला तरी तेवढा भाग लिबलिबीत राहतो. आकार वेडावाकडा आला तरी चालेल. पळीने किंवा वाटीच्या बुडाने पसरायला मात्र जाऊ नका, उघडलेली जाळी पुसली जाते.

धीर

पंधरा-वीस सेकंद आच मोठीच ठेवा, कारण गार पिठाने तव्याचा ताप ओढून घेतलेला असतो. भोकं पक्की झाली की आच मध्यम करा आणि चमचाभर तेल किंवा तूप कडेने आणि जाळीच्या भोकांतून सोडा. भोकात पडलेलं तूप त्याची कड तळून काढतं, हॉटेलातल्या डोशाची ती तपकिरी लेस अशीच होते.

आता तीन ते चार मिनिटं हात लावायचा नाही. उडुपी हॉटेलात रवा डोसा मागितला की "रवा को टाइम लगेगा" असं सांगतात, ते उगीच नाही. ओतलेल्या पिठातलं बरंचसं पाणी वाफ होऊन जायचं असतं, आणि त्याला लागायचा तेवढा वेळ लागतोच. आच मोठी करून हा वेळ कमी करायला गेलात तर बूड करपतं आणि वरचा भाग ओला राहतो. असा डोसा उतरवताना कडक वाटतो आणि ताटात पोचेपर्यंत मऊ पडतो, कारण आतलं उरलेलं पाणी कुरकुरीत झालेल्या भागात शिरतं. झाकणही ठेवू नका. झाकणावर जमलेली वाफ पाणी होऊन परत डोशावरच पडते.

झालं कधी, हे मला कानांनी कळतं. सुरुवातीला आवाज ओला आणि भरलेला असतो, वर वाफ दिसते. हळूहळू वाफ विरळ होते आणि आवाज बारीक, कोरडा, तडतड असा होतो. त्याच सुमारास कडा तव्यापासून आपोआप सुटून वर उचलल्या जातात. वरची बाजू पांढरी ओली न दिसता मंद आणि कोरडी दिसते, आणि भोकांतून खालचा सोनेरी रंग डोकावतो. तेव्हा उलथनं कडेखाली सरकवा. सहज आत गेलं तर डोसा तयार आहे. अडलं तर अजून अर्धा मिनिट द्या, ओढू नका. उलटायची गरज नाही. कांदा फारच कच्चा वाटला तर वीस सेकंद उलटून घ्या, बस.

उतरवलेला डोसा लगेच खायला द्या. एकावर एक रचले तर खालच्याची वाफ वरच्याला मऊ करते. सगळ्यांनी एकत्र बसायचं असेल तर डोसे ताटात न ठेवता पापड वाळवायच्या जाळीवर सुटे ठेवा, पाच-सात मिनिटं तग धरतात. त्याहून जास्त नाही.

पुढच्या डोशाआधी तव्यावरचे जळके रव्याचे कण खरवडून, कांद्याने पुसून घ्या. तवा परत तापू द्या, साधारण मिनिटभर. पुन्हा थेंब उडवून पाहा.

गेल्या रविवारी काय झालं

कागदावरचं माप आणि तव्यावरचं माप यांत फरक पडतोच, म्हणून एका सकाळचा हिशेब देते. वरच्याच मापाने पीठ सव्वाआठला भिजवलं. पावणेनऊला पळीवरची रेघ बुजेना, तेव्हा अर्धी वाटी पाणी घातलं. पहिला डोसा घातला, आवाज चांगला आला, पण भोकं मोहरीएवढी आणि वरच्यावरच. म्हणजे ताप बरोबर होता, पीठ अजून घट्ट होतं. आणखी पाव वाटी पाणी घातलं. दुसऱ्याला आरपार जाळी पडली, पण मधे चिकटला. मुलगा घाई करत होता म्हणून मी तवा परत तापायची वाट पाहिली नव्हती. तिसऱ्यापासून घडी बसली.

सहाव्या-सातव्याला भोकं पुन्हा लहान व्हायला लागली. तव्यावर थेंब पळत होते, म्हणजे दोष पिठाचा. रवा भांड्यात पडल्या पडल्या पाणी पीतच असतो, त्यामुळे पीठ दर काही डोशांनी घट्ट होत जातं. दोन डाव पाणी घातलं आणि आठवा परत दुसऱ्यासारखा आला. नवव्याला सासऱ्यांसाठी मुद्दाम तूप घातलं. दहावा घालताना मी ढवळायला विसरले असते, सासूबाईंनी आठवण केली.

यातून निदान कसं करायचं ते दिसेल. आवाज आहे पण जाळी नाही, तर पाणी वाढवा. आवाजच नाही, तर तवा तापवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर चूक कशात होती ते कळत नाही. डोसा उचलताना धागे तुटत असतील आणि भोकं रुपयाएवढी पडत असतील, तर पीठ गरजेपेक्षा पातळ झालंय. एक चमचा तांदळाचं पीठ आणि एक चमचा मैदा थोड्या पाण्यात कालवून घाला. कोरडं पीठ थेट टाकलं तर गुठळ्या होतात. जाळी सुरेख पण डोसा पांढराफटक असेल, तर आच मध्यमऐवजी मंद झालेली असते, किंवा दही गोडं होतं आणि साखर घालायची राहिली.

उत्तप्पा: उरलेल्या पिठाचा, कमी आचेचा

रवा उत्तप्पा रव्याचाच, पण वरचे नियम इथे पुन्हा उलटतात. इथे वाफ पिठाबाहेर फोडून काढायची नाही, आतच ठेवायची आहे, म्हणजे तो फुगतो आणि मऊ शिजतो. म्हणून पीठ घट्ट, तवा मध्यम आणि वर झाकण.

वेगळा करायचा असेल तर एक वाटी रवा, अर्धी वाटी दही, पाऊण वाटी पाणी आणि मीठ कालवून वीस मिनिटं ठेवा. पीठ पळीतून सलग न पडता सावकाश, जाडसर पडायला हवं, इडलीच्या पिठासारखं. खायचा सोडा दोन चिमटी, तोही तवा तापल्यावरच घाला आणि हलकेच ढवळा. सोडा दह्याच्या आंबटपणाशी मिळताच बुडबुडे येतात आणि थोड्या वेळात विरून जातात. आधी घालून ठेवला तर त्याचा फुगवटा भांड्यातच संपतो.

थेंब चुर्र करून आटतो, पळत नाही, तेवढा तवा ठेवा. थेंब पळाला तर आच कमी करून थांबा. एक पळी पीठ मधे घाला आणि अर्धा सेंटीमीटर जाडीचं, तळव्याएवढं राहू द्या. कांदा, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर वरून भुरभुरून पळीच्या पाठीने किंचित दाबा, म्हणजे उलटताना सुटत नाहीत. टोमॅटोच्या बिया आणि पाणी काढून घ्या, नाहीतर तेवढ्या जागी उत्तप्पा कच्चा राहतो. कडेने तेल, वर झाकण, मंद-मध्यम आचेवर तीन मिनिटं. वरचा ओलेपणा गेला की उलटा आणि झाकण न ठेवता दोन मिनिटं होऊ द्या. बूड काळं आणि पोट कच्चं निघालं तर तवा डोशाच्या तापावर होता.

डोशाचं पीठ उरलं तर ते फ्रिजमध्ये एक दिवस राहतं. दुसऱ्या दिवशी ते घट्ट आणि थोडं आंबट झालेलं असतं. पाणी घालून परत डोसे करता येतात, पण रवा पूर्ण फुगलेला असल्याने ते पहिल्या दिवसाइतके कडक होत नाहीत. मी त्यात पाणी न घालता, वर साचलेलं निवळ पाणी वाटीने काढून टाकते, दोन-तीन चमचे रवा घालून पंधरा मिनिटं ठेवते आणि उत्तप्पे करते. काढलेल्या पाण्याबरोबर थोडं मीठ जातं, तेव्हा तव्यावर घालण्याआधी पीठ चाखून बघा.